दर सहा महिन्यांनी बदलणारा दर आणि तीन वर्षांची शिल्लक

पत्र

१ जानेवारी २०२१ रोजी बचत खात्यात एक लाख रुपये ठेवले. नंतर काही भरले नाही, काही काढले नाही. या खात्याचा व्याजदर दर १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. व्याज ३० जूनला आणि ३१ डिसेंबरला जमा होते. सहा सहामाह्यांचे वार्षिक दर असे होते: ४.००, ४.५०, ५.००, ४.५०, ३.५० आणि ३.०० टक्के. मी स्प्रेडशीट करून ठेवली आहे. दर बदलला की वरच्या सेलमध्ये नवा दर टाकते. जून २०२२ अखेर शीट १,०७,६८९.०६ दाखवत होती आणि पासबुकात १,०६,८८३.०५ होते. तीन वर्षे झाल्यावर शीटमध्ये १,०९,३४४.३३ आणि पासबुकात १,१२,८८६.६२! आधी मला कमी मिळत होते आणि आता जास्त मिळाले, असे कसे? सरासरी दर घेऊन हिशेब केला तर चालेल का? आणि चढे दर आधी येऊन गेले, ते शेवटी आले असते तर जास्त पैसे झाले असते का? पुढची तीन वर्षे दर सहामाहीच्या सुरुवातीला दहा हजार भरायचा विचार आहे.

— एक वाचक

उत्तर

पासबुक बरोबर आहे. चूक तुमच्या शीटमध्ये आहे, पण ती बेरीज-गुणाकाराची नाही, मांडणीची आहे.

तुम्ही दर एकाच सेलमध्ये ठेवला आहे आणि सगळ्या ओळी त्याच सेलकडे बघतात. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये तुम्ही तिथे ३.०० लिहिलेत तेव्हा शीटने फक्त चालू सहामाही नव्या दराने मोजली नाही. तिने २०२१ पासूनच्या सहाही सहामाह्या ३ टक्क्यांनी पुन्हा मोजल्या. १,००,००० ला १.०१५ ने सहा वेळा गुणा, नेमके १,०९,३४४.३३ येतील. जून २०२२ च्या आकड्याचेही तेच. तेव्हा सेलमध्ये ५.०० होते, म्हणून तिन्ही सहामाह्या ५ टक्क्यांच्या धरल्या गेल्या आणि शीट पासबुकाच्या ८०६ रुपये पुढे पळाली. शीट एकदा पुढे आणि एकदा मागे जाते, हीच या चुकीची खूण. दर चढा असताना ती जास्त दाखवते, उतरला की कमी. खात्यात खरोखर गडबड असती तर फरक सहसा एकाच बाजूला वाढत गेला असता.

बँक असे मागे जाऊन काही बदलत नाही. एका सहामाहीचे व्याज त्या सहामाहीच्या दराने मोजून एकदा जमा झाले की ती रक्कम पक्की होते. पुढचा दर त्या वाढलेल्या शिलकीवर लागतो. म्हणून तीन वर्षांची शिल्लक काढताना एका दराचा सहावा घात करून भागत नाही. सहा वेगवेगळे गुणक एकमेकांना गुणावे लागतात, आणि प्रत्येक गुणकात त्या सहामाहीचा दर निम्मा करून येतो. पहिली सहामाही ४ टक्क्यांची, म्हणून गुणक १.०२. दुसरी ४.५० ची, म्हणून १.०२२५. याच रीतीने पुढचे १.०२५, १.०२२५, १.०१७५ आणि १.०१५.

तुमचे लाख रुपये या वाटेने असे चालतात:

| सहामाही | दर | जमा व्याज | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| जाने.–जून २०२१ | ४.०० | २,०००.०० | १,०२,०००.०० |
| जुलै–डिसें. २०२१ | ४.५० | २,२९५.०० | १,०४,२९५.०० |
| जाने.–जून २०२२ | ५.०० | २,६०७.३८ | १,०६,९०२.३८ |
| जुलै–डिसें. २०२२ | ४.५० | २,४०५.३० | १,०९,३०७.६८ |
| जाने.–जून २०२३ | ३.५० | १,९१२.८८ | १,११,२२०.५६ |
| जुलै–डिसें. २०२३ | ३.०० | १,६६८.३१ | १,१२,८८८.८७ |

आता पासबुकाशी फरक उरला फक्त २ रुपये २५ पैशांचा. बहुतेक लोक इथे थांबतात, आणि थांबले तरी बिघडत नाही. पण हे सव्वादोन रुपये कुठून येतात ते समजले, तर पुढच्या वेळी खरी चूक आणि असा किरकोळ फरक वेगळे ओळखता येतील.

वरच्या कोष्टकात मी सहामाही म्हणजे बरोबर अर्धे वर्ष धरले. कॅलेंडरमध्ये तसे नसते. जानेवारी ते जून १८१ दिवस आणि जुलै ते डिसेंबर १८४. बचत खात्यात व्याज बहुधा रोजच्या शिलकीवर, दिवस मोजून निघते: शिल्लक गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५, भागिले १००. त्यामुळे पहिल्या सहामाहीत २,००० नव्हे, १,९८३.५६ जमा झाले असतील. पासबुकाची ती नोंद बघा. दुसऱ्या सहामाहीत उलट झाले, २,२९५ च्या जागी २,३१३.४९ आले. वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात थोडे कमी आणि दुसऱ्यात थोडे जास्त, असे मागेपुढे होत राहते. डिसेंबर २०२२ अखेर तर दोन्ही रीतींनी योगायोगाने पैशापर्यंत एकच आकडा येतो, १,०९,३०७.६८. शेवटच्या वर्षात मात्र चढा दर छोट्या सहामाहीला लागला आणि उतरता मोठ्या सहामाहीला, म्हणून २.२५ रुपये कमी पडले.

शीट नव्याने अशी मांडा. प्रत्येक सहामाहीला स्वतंत्र ओळ द्या. A मध्ये ओळीची सुरुवातीची तारीख, B मध्ये त्या सहामाहीचा दर, C मध्ये दिवस, D मध्ये आरंभीची शिल्लक, E मध्ये व्याज आणि F मध्ये अखेरची शिल्लक. D2 मध्ये १,००,००० हाताने लिहा. बाकीचे असे:

```
C2:  =A3-A2
E2:  =ROUND(D2*B2/100*C2/365, 2)
F2:  =D2+E2
D3:  =F2
```

C, E आणि F ची सूत्रे दुसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत ओढा, आणि D चे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत. दर B मध्ये आकडा म्हणून हाताने लिहायचा, दुसऱ्या कुठल्या सेलकडे बोट दाखवायचे नाही. मागचे दर मागच्या ओळींत कायमचे राहिले पाहिजेत. नवा दर आला की नवी ओळ. F7 मध्ये १,१२,८८६.६२ आले की शीट आणि पासबुक जुळले.

दिवसांच्या स्तंभात दोन ठिकाणी घसरायला होते. एक म्हणजे दोन तारखांची वजाबाकी केली की शीट कधीकधी उत्तरही तारखेच्या रूपात दाखवते. तसे झाले तर C चे स्वरूप साध्या संख्येचे करा. दुसरी चूक जास्त छुपी आहे. कोणी ओळीत सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही तारखा लिहितात आणि ३० जूनमधून १ जानेवारी वजा करतात. उत्तर १८० येते, म्हणजे एक दिवस गळला. सहा ओळींत सहा दिवस गळतात आणि तुमच्या रकमेवर साधारण सत्तर रुपये कमी दिसतात. म्हणून वर मी शेवटच्या तारखेऐवजी पुढच्या ओळीची सुरुवातीची तारीख वापरली आहे. त्यासाठी A8 मध्ये १ जानेवारी २०२४ ही तारीख लागेल, ती विसरू नका. पडताळा सोपा आहे: C2 ते C7 ची बेरीज १,०९५ आली पाहिजे. १,०८९ आली तर दिवस गळलेत. २०२४ सारखे लीप वर्ष मध्ये आले तर बेरीज एकाने वाढेल. त्या वर्षी भागाकार ३६५ ने करायचा की ३६६ ने, ते खात्याच्या अटींत लिहिलेले असते. तिथे बघूनच सूत्रात टाका.

आता सरासरीचा प्रश्न. तुमच्या सहा दरांची सरासरी ४.०८३३ टक्के. ती निम्मी करून सहा वेळा चक्रवाढ केली तर १,१२,८९२.५४ येतात. खऱ्या गुणाकारापेक्षा, म्हणजे १,१२,८८८.८७ पेक्षा, ३ रुपये ६७ पैसे जास्त. सरासरीने येणारे उत्तर नेहमी थोडे जास्तच येते, कमी कधीच नाही. १.०२ गुणिले १.०२ म्हणजे १.०४०४, पण १.०३ गुणिले १.०१ म्हणजे १.०४०३. बेरीज तीच असताना गुणक एकमेकांपासून जितके दूर, तितका गुणाकार लहान. तुमचे दर ३ ते ५ च्या पट्ट्यात आहेत, म्हणून फरक चार रुपयांच्या आत राहिला. दर फार हेलकावे खात असतील तर फरक वाढेल. अंदाजासाठी सरासरी चालेल. पासबुकाशी पैसा न् पैसा जुळवायला चालणार नाही.

सरासरी वापरताना खरा फटका बसतो तो दुसऱ्याच जागी. पुष्कळजण सरासरी काढतात आणि मग वर्षातून एकदाच चक्रवाढ करतात: १.०४०८३३ चा घन. त्याचे उत्तर १,१२,७५७.०२, म्हणजे १३२ रुपये कमी. सरळव्याज धरले तर सहा सहामाह्यांचे मिळून १२.२५ टक्के होतात आणि १,१२,२५० वरच थांबावे लागते, म्हणजे जवळजवळ ६३९ रुपये कमी. सरासरीने बिघडले चार रुपये आणि व्याज किती वेळा जमा होते हे चुकल्याने बिघडले शेकडो. काळजी कशाची करायची ते यावरून ठरवा. तुमचेच दर असलेल्या पण दर तीन महिन्यांनी व्याज जमा करणाऱ्या खात्यात हेच लाख रुपये १,१२,९५९.८६ झाले असते, वरच्या कोष्टकापेक्षा ७१ रुपये जास्त.

या खात्याची मुदत ठेवीशी तुलना करायची असेल तर दरांची सरासरी पुढे करू नका. सुरुवात आणि शेवट एवढेच घ्या: १,१२,८८६.६२ भागिले १,००,०००, त्याचे घनमूळ, वजा १.

```
=(F7/D2)^(1/3)-1
```

उत्तर ४.१२ टक्के येते. याचा अर्थ असा की वर्षाला एकदाच व्याज देणारी आणि तीनही वर्षे ४.१२ टक्क्यांवर स्थिर असलेली ठेव तुम्हाला याच ठिकाणी आणून सोडेल.

चढे दर आधी आले की नंतर, याने तुमच्या लाख रुपयांना जवळपास काहीच फरक पडला नसता. सहा संख्यांचा गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी तोच येतो. १८१ आणि १८४ दिवसांमुळे दोन-चार रुपये हलतील, एवढेच. हे अनेकांना पटत नाही. "शेवटी शिल्लक मोठी असते, तेव्हा चढा दर मिळाला तर जास्त व्याज नाही का?" मिळेल, शेवटच्या नोंदीत मोठा आकडाही दिसेल. पण मग आधीच्या सहामाह्यांत दर कमी असल्याने शेवटची शिल्लक तितकी मोठी झालेलीच नसेल. दोन्ही गोष्टी एकमेकींना तंतोतंत खाऊन टाकतात. मधल्या वाटेवरच्या शिलकी वेगळ्या दिसतात, मुक्काम तोच.

पण तुम्ही पुढे जे करणार आहात त्यात क्रम मोजला जातो. दर सहामाहीच्या सुरुवातीला दहा हजार भरले, तर पहिल्या दहा हजारांना सहाही दर लागतात आणि शेवटच्या दहा हजारांना फक्त शेवटचा. म्हणजे शेवटच्या दराच्या वेळी खात्यात साठ हजारांहून जास्त असतात आणि पहिल्या दराच्या वेळी दहाच हजार. रिकाम्या खात्यापासून सुरुवात करून आणि दिवस न मोजता, दर तुमच्याच क्रमाने ४ पासून ३ पर्यंत गेले तर तीन वर्षांनी ६४,२१८ रुपये होतात. तेच दर उलट क्रमाने, ३ पासून सुरू होऊन ३.५०, ४.५०, ५, ४.५० आणि शेवटी ४ असे आले तर ६४,६६१. भरलेले पैसे तेच, दर तेच, फरक ४४३ रुपयांचा. खात्यातून अधूनमधून पैसे काढणाऱ्याला हेच उलटे लागू होते. त्याची शिल्लक सुरुवातीला मोठी असते, म्हणून त्याला चढे दर आधी आलेले बरे.

क्रम तुमच्या हातात नाही, पण भरण्याची तारीख आहे. सहामाहीच्या पहिल्याच दिवशी भरलेल्या दहा हजारांना पूर्ण १८१ किंवा १८४ दिवसांचे व्याज मिळते. महिना उलटल्यावर भरले तर ३ टक्क्यांच्या दराने साधारण २५ रुपये हुकतात. रक्कम मोठी नाही. मात्र काही खात्यांत व्याज रोजच्या शिलकीवर न देता महिन्यातल्या ठरावीक तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर देतात. तिथे ती तारीख उलटल्यावर भरले तर तो अख्खा महिना गेलाच. तुमच्या नोंदी रोजच्या हिशेबाशी जुळतात, तेव्हा तुम्हाला ती अडचण दिसत नाही.

पैसे भरायला लागलात की वरची साधी शीट पुरणार नाही, आणि इथे जरा सावकाश जा. तुमच्या खात्यात दर बदलण्याची आणि व्याज जमा होण्याची तारीख लागूनच आहे: ३० जूनला व्याज पडते आणि १ जुलैला नवा दर. हा योगायोग आहे, नियम नाही. बऱ्याच खात्यांत या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध नसतो. समजा, दर १ जानेवारीला बदलला, पण व्याज ३१ मार्चला जमा होणार आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचे ९२ दिवस ४.५० टक्के आणि जानेवारी ते मार्चचे ९० दिवस ५ टक्के. एक लाखावर पहिल्या तुकड्याचे १,१३४.२५ आणि दुसऱ्याचे १,२३२.८८, मिळून ३१ मार्चला १,१३४.२४६६ + १,२३२.८७६७, म्हणजे पैशापर्यंत २,३६७.१२ जमा होतील. दोन्ही तुकडे एकाच लाखावर मोजायचे. ज्याची शीट दर बदलताच व्याज शिलकीत मिसळते, त्याचा दुसरा तुकडा १,०१,१३४.२५ वर मोजला जातो आणि सुमारे १४ रुपये जास्त दिसतात. मग तो बँकेला कळवतो की चौदा रुपये कमी आले. दर बदलणे म्हणजे व्याज जमा होणे नव्हे. तोवरचे व्याज मोजलेले असते, पण खात्यात पडलेले नसते, आणि न पडलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही.

सहामाहीच्या मध्येच पैसे भरलेत तर नेमके हेच होते. त्या तारखेला नवी ओळ करावी लागते, कारण शिलकीचा आकडा बदलतो, पण व्याज त्या दिवशी जमा होत नाही. म्हणून तीन स्तंभ वाढवा. G मध्ये, त्या ओळीच्या शेवटी व्याज खात्यात पडणार असेल तर १, नाहीतर ०. H मध्ये मोजलेले पण न पडलेले व्याज साठत जाते. I मध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला भरलेली रक्कम, आणि काढली असेल तर वजा चिन्ह लावून.

```
E2:  =D2*B2/100*C2/365
H2:  =E2
H3:  =E3+IF(G2=1,0,H2)
F2:  =D2+IF(G2=1,ROUND(H2,2),0)
D3:  =F2+I3
```

आकडा पैशापर्यंत गोल करणे आता E मध्ये नाही, जमा होण्याच्या वेळी F मध्ये आहे. तुकड्या-तुकड्यावर आकडा गोल केला तर वर्षाअखेर दोन-तीन पैसे इकडेतिकडे होतात. त्या दोन पैशांपायी माणूस संध्याकाळ घालवतो. नवी ओळ फक्त तीन कारणांनी करायची: दर बदलला, पैसे आले किंवा गेले, किंवा व्याज जमा झाले.

शीट अशी बसवल्यावरही एखाद्या सहामाहीत पासबुकाशी दहा-वीस रुपयांचा फरक आलाच, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा जमा झालेल्या व्याजावरून उलटे जा आणि प्रत्यक्षात कुठला दर लागला ते काढा. व्याज गुणिले ३६,५००, भागिले शिल्लक, भागिले दिवस. तुमची पाचवी सहामाही घ्या: १,८९७.१६ गुणिले ३६,५००, भागिले १,०९,३०७.६८, भागिले १८१. उत्तर ३.५०. जाहीर झालेला दरच लागला. समजा, तिथे ३.६० आले असते. असा दर कधी जाहीरच झाला नव्हता, तेव्हा तो दोन दरांची भेसळ आहे हे उघड होते. आधीचा ४.५० आणि नवा ३.५० यांच्यात ३.६० हा एक दशांश अंतरावर आहे, म्हणजे १८१ पैकी साधारण १८ दिवस जुनाच दर चालू राहिला आणि नवा १९ जानेवारीच्या आसपास लागू झाला. मग दर लागू होण्याची अधिकृत तारीख बघायची. ती खरोखर १ जानेवारी नसून पुढची असेल, तर शीटमध्ये त्या तारखेला नवी ओळ करा. ती १ जानेवारीच असेल, तर शाखेत जाऊन विचारायला तुमच्याकडे नुसता संशय नाही, तारीख आणि दिवसांची संख्या आहे.

उलट्या हिशेबाने आलेला दर दोन्ही जाहीर दरांच्या बाहेर पडला तर मात्र कारण वेगळे. बहुतेक वेळा खात्यात शिलकीचे टप्पे असतात, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंत एक दर आणि त्यावरच्या भागाला दुसरा. दहा-दहा हजार भरत गेलात की तुम्ही असा टप्पा ओलांडू शकता. तिथे वरचा दर फक्त वरच्या भागाला लागतो की सगळ्या शिलकीला, हे अटींत वाचून घ्या. शीटमध्ये त्या दोन भागांचे व्याज वेगळे मोजून मगच मिळवा.

राहिले पुढच्या तीन वर्षांचे आकडे. दर माहीत नसताना एकच उत्तर काढू नका, दोन काढा. आजचे १,१२,८८६.६२ तीनही वर्षे ३ टक्क्यांवरच राहिले तर सुमारे १,२३,४३५ होतील. पहिल्याच सहामाहीत दर पाव टक्क्याने वाढून ३.२५ झाला आणि तसाच टिकला तर त्यात साधारण ९१५ रुपयांची भर पडते. तोच पाव टक्का शेवटच्याच सहामाहीत वाढला तर फक्त १५२ रुपयांची. आजच्या रकमेला तरी दरवाढ कितीची याइतकेच ती आल्यावर किती सहामाह्या उरल्या आहेत हेही मोलाचे ठरते. दहा-दहा हजारांच्या हप्त्यांचा विचार वेगळा, कारण त्यांतले निम्मे पैसे खात्यात येतील तेव्हा तीन वर्षांपैकी निम्मी सरलेली असतील. म्हणून B स्तंभातल्या येणाऱ्या सहा ओळींत आज ३.०० लिहून ठेवा आणि त्या सेलना वेगळा रंग द्या. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला त्यांतला एकेक सेल खऱ्या दराने भरा आणि रंग काढून टाका.